पीओई कॅमेऱ्यांसाठी स्विच घेताय? पोर्ट नंतर मोजा, आधी वॅट बघा

सोसायटीत सात पीओई कॅमेरे, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे, लावायचेत म्हटलं की दुकानदार लगेच 'आठ पोर्टचा पीओई स्विच घ्या' म्हणून मोकळा होतो. पण पोर्ट आठ असले म्हणजे आठही पोर्टना पुरेल एवढी पॉवर स्विचमध्ये असतेच असं नाही, आणि सगळी गडबड इथेच होते.

स्विचचे दोन आकडे असतात. एक पोर्टचा: पीओईचं ८०२.३ एएफ स्टँडर्ड असेल तर पोर्टमागे जास्तीत जास्त १५.४ वॅट, एटी असेल तर ३०. दुसरा आकडा सगळ्या पोर्टचा मिळून, तो डेटाशीटमध्ये शोधावा लागतो. स्वस्तातल्या आठ पोर्टवाल्यात तो बऱ्याचदा ६०-६५ वॅटच असतो.

आता हिशोब करू. सहा बुलेट कॅमेरे, प्रत्येकी ७ वॅट, म्हणजे ४२. गेटवर एक फिरणारा पीटीझेड, २० वॅट. झाले ६२. ६५ च्या स्विचवर बसतंय ना? नाही बसत, कारण थोडी पॉवर केबलमध्येच जाते आणि ती स्विचलाच भरावी लागते. ६२ च्या वर आणखी पाव भाग तरी धरा, म्हणजे साधारण ७८ लागतात, तेव्हा सरळ १२० वॅटचा घ्या. शिवाय पीटीझेडला एएफ पोर्ट पुरणारच नाही, त्याला एटीच लागतो. आणि काही स्विच कॅमेरा खरोखर किती खातो ते बघतच नाहीत, त्याच्या पॉवर क्लासप्रमाणे पोर्टमागे पूर्ण १५.४ राखून ठेवतात, मग ६० वॅटवर चौथा कॅमेरासुद्धा चालू होत नाही आणि लोक कॅमेऱ्यालाच शिव्या घालतात.

कॅमेऱ्याचा आकडा रात्रीचा धरा, आयआर म्हणजे अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे चालू असतानाचा. दिवसा सगळं मस्त चालतं, अंधार पडला की आयआर लागतात आणि एखादा कॅमेरा सारखा रीस्टार्ट व्हायला लागतो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता फोनवरच सांगतो, स्विचचं पॉवर बजेट संपलंय. म्हणून इन्स्टॉलर जायच्या आधी भर दुपारी सगळे कॅमेरे सेटिंगमधून नाइट मोडवर टाका, पीटीझेड फिरवा आणि अर्धा तास बघत बसा.

केबल १०० मीटरपर्यंत, दोन्ही टोकांचे पॅच कॉर्ड धरून. अंतर नकाशावर मोजू नका, डक्टमधून वर-खाली जाणारी लांबीपण धरा. केबल पूर्ण तांब्याचीच घ्या, सीसीए नको, त्यात आत ॲल्युमिनियम असतं आणि लांब अंतरावर व्होल्टेज पडतं. तार ब्लेडने खरवडली की आत चंदेरी दिसते, तेवढ्यावर कळतं.

मागचं गेट १३० मीटरवर असेल तर? काही स्विचवर 'एक्स्टेंड'चं बटण असतं, २५० मीटर म्हणतात, पण त्यात स्पीड १० एमबीपीएसवर येतो आणि पॉवरचा लॉस असतोच. एखाद्या साध्या कॅमेऱ्याला चालून जाईल, पीटीझेडला अजिबात नको. त्यापेक्षा मध्ये वॉचमन केबिनमध्ये छोटा पीओई स्विच ठेवा, फक्त त्याला यूपीएस द्या.