जुन्या तारखेचा डॉलरचा दर काढताना या चुका टाळा

‘अमुक तारखेला डॉलर कितीला होता?’ असं विचारलं की लोक मोबाइलवर आकडा शोधतात, तो एक्सेलच्या चौकटीत टाकतात आणि पुढे जातात. मार्च-जुलैच्या घाईत असे कागद ढिगाने येतात. आकडा चार दशांश स्थळांपर्यंत असतो, पण तो कोणाचा, किती वाजताचा आणि खरेदीचा की विक्रीचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

चूक पहिली: एका दिवसाला एकच दर असतो असं समजणं

28 ऑगस्ट 2013 घ्या. रुपया त्या दिवशी गडगडला होता. रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर निघाला 68.36 च्या आसपास आणि संध्याकाळी बाजार बंद झाला 68.80 च्या आसपास. दोन्ही आकडे त्याच तारखेचे आणि दोन्ही खरे. एक लाख डॉलरच्या बिलावर हा फरक 44 हजार रुपयांचा होतो. दुसऱ्या दिवशी तर रुपया सावरून 66.55 च्या आसपास बंद झाला. म्हणजे तारीख एका दिवसाने चुकली, तर फरक थेट सव्वादोन रुपये.

यात कोणाचा हिशेब चुकलेला नाही, मोजायची वेळ वेगळी आहे. रिझर्व्ह बँक तेव्हा दुपारी बाराच्या सुमारास निवडक बँकांचे भाव घेऊन सरासरी काढायची. 10 जुलै 2018 पासून हे काम एफबीआयएल, म्हणजे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया, करते. तिचा डॉलरचा दर साडेअकरा ते साडेबाराच्या तासात कुठल्याही पंधरा मिनिटांत झालेल्या प्रत्यक्ष सौद्यांवरून निघतो आणि दीडच्या सुमारास जाहीर होतो. युरोपीय मध्यवर्ती बँक तिकडच्या दुपारी सव्वादोनच्या आसपास मोजते, तेव्हा मुंबईत संध्याकाळ असते. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या एच.10 तक्त्यातला दर न्यूयॉर्कच्या भर दुपारचा असतो. उन्हाळ्यात तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि आपला बाजार कधीच मिटलेला असतो. शांत दिवशी हे सगळे आकडे काही पैशांच्या अंतरात बसतात, म्हणून चूक लपून राहते. खळबळीच्या दिवशी ती उघडी पडते.

युरोचं आणखी वेगळं. एफबीआयएल युरो, पौंड आणि येनचे दर डॉलरच्या मार्फत काढते. युरोपीय बँक युरोसमोर रुपया आणि युरोसमोर डॉलर असे दोन आकडे देते. त्यांचा भागाकार करून ‘डॉलर-रुपयाचा अधिकृत दर’ तयार करणारे हुशार लोक असतात. भागाकार बरोबर येतो, पण तो दर भारतातल्या कुठल्याच कागदासाठी अधिकृत नसतो. हे दर केवळ माहितीसाठी आहेत, व्यवहारासाठी वापरू नका, असं ती बँक स्वतःच सांगते.

चूक दुसरी, आणि सगळ्यात जास्त दिसणारी: आयकरासाठी व्यवहाराच्या दिवसाचा दर लावणं

समजा, विलेपार्ल्यात राहणाऱ्या एका नोकरदार बाईंकडे अमेरिकी कंपनीचे शेअर आहेत. मे 2023 मध्ये 400 डॉलर लाभांश जाहीर झाला आणि मेमध्येच मिळाला. तिकडे 100 डॉलर कर कापला गेला, खात्यात 300 आले. त्यांनी पैसे जमा झाले त्या दिवसाचा दर शोधला आणि 300 ला गुणला. इथे एका ओळीत तीन चुका झाल्या.

एक, उत्पन्न 400 डॉलर आहे. कापलेल्या 100 चा दावा वेगळा करायचा. दोन, 2023 मध्ये लागू असलेल्या आयकर नियमावली 1962 च्या नियम 115 प्रमाणे लाभांशासाठी दर लागतो तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. मेमधल्या लाभांशाला 30 एप्रिल. परदेशात कापलेल्या कराच्या दाव्यासाठीही, नियम 128 प्रमाणे, कर कापला त्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. तीन, हा दर एफबीआयएलचा किंवा गूगलचा चालत नाही, स्टेट बँकेचा टीटी, म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्स्फरचा, खरेदी दरच हवा. बँक ज्या भावाने तुमच्याकडून डॉलर घेते तो हा भाव, म्हणून तो मधल्या बाजारभावापेक्षा खालीच असतो.

हिशेबापुरतं धरू की संदर्भ दर 81.80 आणि टीटी खरेदी दर 81.35 आहे. मग 400 डॉलरचे 32,720 की 32,540, असा 180 रुपयांचा फरक. ‘एवढ्याशासाठी कशाला?’ असं विचारणारे भेटतातच. पण उत्पन्न एका दराने आणि कराचा दावा दुसऱ्या दराने बसवला की दोन तक्ते जुळत नाहीत, आणि तपासणाऱ्याला नेमकं तेच दिसतं.

आता मुंबईची गंमत. 30 एप्रिल 2023 ला रविवार होता आणि 1 मे ला महाराष्ट्र दिन. एफबीआयएलचा दर शुक्रवारी 28 तारखेला निघाला, तो पुढे थेट मंगळवारी 2 मे ला. 29 ला महिन्यातला पाचवा शनिवार, म्हणजे बँकेच्या शाखा उघड्या, पण आंतरबँक बाजार बंद. अशा वेळी आधीच्या सगळ्यात जवळच्या दिवसाचा तक्ता घ्यायची रीत आहे: स्टेट बँकेने शनिवारी काढला असेल तर तो, नाहीतर शुक्रवारचा. पुढे सरकून 2 मे चा घेऊ नका. आणि जो घेतला त्याचं कारण तिथेच लिहा.

स्टेट बँकेच्या संकेतस्थळावर चालू तक्ता असतो, नवा आला की जुना जातो. त्यामुळे दर महिन्याच्या शेवटी पीडीएफ उतरवून नावात तारीख घालून ठेवायची, एवढी एकच सवय उपयोगी पडते. जुना हवाच असेल तर शाखेकडून लेखी मागा, किंवा लोकांनी जपलेल्या प्रतींतून घ्या. मात्र पाहायची ती मूळ पीडीएफ, कोणीतरी उतरवून काढलेला आकडा नाही. उघडल्यावर आधी वरची तारीख आणि वेळ वाचा, कारण दिवसात एकाहून जास्त तक्ते निघू शकतात. मग `TT BUY` चा रकाना. शेजारचे `BILL BUY` आणि `CN BUY` वेगळे आहेत. `CN` म्हणजे रोख नोटा, आणि तिथला भाव आणखी कमी असतो.

बाकीच्या, थोडक्यात

येनचा दर 100 येनला असतो. शंभरपट फुगलेलं उत्पन्न पाहूनही कोणाला शंका येत नाही, हे नवलच.

आयात मालाला कस्टम्सचा दर लागतो, तोही बिल ऑफ एंट्री दाखल केल्याच्या तारखेचा. आयात आणि निर्यातीचे दर वेगळे असतात.

महिन्याची सरासरी म्हणजे महिनाअखेरचा दर नव्हे.

2018 च्या जुलैआधीच्या दराला ‘एफबीआयएल’ लिहू नका. तेव्हा तो रिझर्व्ह बँकेचा होता आणि तिच्याच जुन्या नोंदींत सापडतो.

कागदावर काय लिहायचं

‘दर: 81.35’ एवढ्यावर थांबू नका. असं लिहा: ‘1 अमेरिकी डॉलर = 81.35 रुपये, स्टेट बँक टीटी खरेदी दर, तक्ता 28 एप्रिल 2023, वेळ तक्त्याप्रमाणे; 30 एप्रिलला रविवार, 29 चा तक्ता उपलब्ध नाही.’ सोबत त्या पीडीएफची प्रत. दोन वर्षांनी कोणी विचारलं, तर पुन्हा शोधत बसावं लागत नाही.