सोलर पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारा एमपीपीटी ढगाळ दिवशी भरकटतोय?
आमच्या मुंबईच्या गॅलरीत 20 वॅटचं पॅनल, आर्डुइनो नॅनो बोर्ड आणि करंट मोजणारा ACS712 चा 5 अँपिअरवाला सेन्सर आहे, उन्हात सगळं मस्त चालायचं पण पावसाळ्यात कन्व्हर्टरच्या स्विचची ड्युटी नुसती इकडेतिकडे पळायची आणि पॅनलचा व्होल्टेज 17 वरून घसरून बॅटरीजवळ येऊन बसायचा. दोष अल्गोरिदमचा नाही हो! हा सेन्सर अँपिअरला 185 मिलिव्होल्ट देतो, नॅनो मोजताना ओळखू शकतो ती सगळ्यात छोटी पायरी, म्हणजे एक काउंट, जवळपास 5 मिलिव्होल्टचा, म्हणजे 26 मिलिअँपिअर. ढगात करंटच 200 मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम 8 काउंट, त्यात नॉइज, मग पॉवर वाढली की घटली हे कोडला कळणार कसं? ड्युटी बदलल्यावर 50 मिलिसेकंद थांबा, मग 64 रीडिंगची सरासरी घ्या आणि तेव्हाच तुलना करा.