पेमेंट सोडण्याआधी जीआरएन आणि बिल शेजारी ठेवून वाचताना: तयारीची यादी

बसण्याआधी पाच गोष्टी हाताशी हव्यात: पुरवठादाराचं बिल, पीओची म्हणजे खरेदी ऑर्डरची ती नेमकी ओळ, त्या ओळीवर आजवर झालेले सगळे जीआरएन म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदी, आपल्या सही-शिक्क्याच्या चलनाच्या प्रती आणि त्याच ओळीवर आधी पास झालेली बिलं. बिलाला टाचून आलेला जीआरएन तेवढा पुरत नाही. तो कोणी आणि कोणता निवडून जोडला हे कळत नाही, आणि एका बिलाचा माल दोन-तीन गाड्यांतून आला असेल तर बहुतेक वेळा पहिल्या गाडीचाच जीआरएन जोडलेला असतो. म्हणून पीओ नंबर आणि ओळ क्रमांक टाकून जीआरएनची यादी सिस्टीममधून स्वतः काढा. रद्द झालेल्या नोंदीही त्या यादीत दिसू द्या. मूळ नोंद धरली आणि तिची उलट नोंद सुटली, तर न आलेला माल आलेला दिसतो.

आकडे लावण्याआधी एकक पाहा. बिल बॉक्समध्ये, पीओ नगांत आणि जीआरएन किलोत असेल तर तिन्ही आधी पीओच्या एककात आणा. एका बॉक्समध्ये किती नग हे बिलावरून घेऊ नका, पॅकिंग लिस्टवरून किंवा स्टोअरच्या मोजणीवरून घ्या. पुरवठादाराने पॅकिंग ५० वरून ४८ नगांचं केलं आणि आपल्या आयटम मास्टरमध्ये ५०च राहिलं, तर बॉक्स बरोबर भरतात आणि दर बॉक्समागे दोन नग कमी येतात. जीआरएनवर ही तूट कधीच दिसत नाही, कारण स्टोअरने बॉक्स मोजलेले असतात आणि गुणाकार सिस्टीमने केलेला असतो. वजनाच्या मालात काटापावतीवरचं निव्वळ वजन घ्या आणि तो काटा किती किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो हे विचारून ठेवा. २० किलोच्या टप्प्याने दाखवणाऱ्या काट्यावर १० किलोचा फरक म्हणजे तूट नव्हे.

आता जीआरएन वाचा. त्यावर साधारणपणे चार परिमाणं असतात: चलनाप्रमाणे, प्रत्यक्ष मिळालेलं, स्वीकारलेलं आणि नाकारलेलं. घाईत चूक इथेच होते, कारण पहिला रकाना चलनाचा असतो, चलन आणि बिल एकाच हाताने बनलेलं असतं, आणि त्यामुळे ते दोन आकडे नेहमी जुळतात. त्या जुळण्यातून काहीच सिद्ध होत नाही. बिलाशी लावायचं ते स्वीकारलेलं परिमाण. मिळालेलं आणि स्वीकारलेलं यांतला फरकही वेगळा लिहून ठेवा, कारण पुढे त्याचा कागद वेगळा होतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. बिल आहे १२० बॉक्स बोल्टचं, दर बॉक्स ५० नग, म्हणजे ६,००० नग. माल दोन चलनांवर आला. पहिल्या चलनावर ७० बॉक्स, ३,५०० नग. त्याच्या जीआरएनवर मिळालेले ३,५००, स्वीकारलेले ३,४४० आणि आटे खराब म्हणून नाकारलेले ६०. दुसऱ्या चलनावर ५० बॉक्स, २,५०० नग, पण जीआरएनवर मिळालेले आणि स्वीकारलेले २,४००. दोन बॉक्स उतरलेच नाहीत. चलनांची बेरीज ६,००० होते, मिळालेल्याची ५,९०० आणि स्वीकारलेल्याची ५,८४०. बिलात १६० नग जास्त आहेत. पण ही एक तूट नाही. १०० नग आलेच नाहीत, आणि ६० आले पण चालले नाहीत. शेऱ्यात ‘१६० शॉर्ट’ असं लिहिलं की पुरवठादार ६० नग उतरल्याची पोहोच दाखवतो आणि मग सगळाच शेरा वादात पडतो.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट घाला. याच पीओ ओळीवर आधी २,००० नग आले, स्वीकारले गेले आणि त्यांचं बिलही पास झालं. आता ओळीवरची एकूण स्वीकृती ७,८४० झाली. ती एकट्या ६,०००च्या बिलाशी लावली तर माल भरपूर आलेला दिसतो आणि १६० नग त्यात बुडून जातात. म्हणून बेरीज दोन्हीकडे सुरुवातीपासून घ्या: आजवर बिलात आलेलं एकूण आणि आजवर स्वीकारलेलं एकूण. बिलांची INV आणि जीआरएनची GRN अशा दोन शीटमध्ये पीओ नंबर B, ओळ क्रमांक C, बिलाचं परिमाण E आणि स्वीकारलेलं परिमाण H या रकान्यांत असेल, तर सूत्र असं:

```
=SUMIFS(INV!E:E,INV!B:B,B2,INV!C:C,C2)-SUMIFS(GRN!H:H,GRN!B:B,B2,GRN!C:C,C2)
```

बिलाच्या शीटमध्ये आत्ताचं बिलही धरलेलं हवं. उत्तर शून्याच्या वर आलं तर तेवढे नग न स्वीकारता बिलात आलेत. इथे ८,००० वजा ७,८४०, म्हणजे १६०. अख्खंच परिमाण कमी दिसलं तर पुरवठादाराला फोन करण्याआधी पीओ नंबरच्या शेवटी रिकामी जागा राहिली आहे का ते पाहा. तशी जागा असली की ओळी जुळत नाहीत. आणि परिमाणाचा आकडा मजकूर म्हणून साठवला गेला असेल, तर तो बेरजेत धरलाच जात नाही.

एसएपीवर काम असेल तर `MIRO` मध्ये बिल चढवताना सिस्टीम ही तुलना करते, पण तिच्यावर विसंबण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, नाकारलेल्या मालाची परतीची नोंद. `101` ने आत घेतलेला माल गुणवत्ता विभागाने ब्लॉक्ड स्टॉकमध्ये टाकला तरी पीओच्या हिशोबात तो मिळालेलाच राहतो. `122` ने परत केल्यावरच तो वजा होतो. म्हणजे आपल्या उदाहरणात परतीची नोंद होईपर्यंत सिस्टीमला १६० नव्हे, १०० नगांचाच फरक दिसेल आणि ६० नगांचे पैसे निघून जातील. दुसरी गोष्ट टॉलरन्सची. परिमाणातल्या फरकाची `DQ` ही मर्यादा फक्त रकमेची लावलेली असेल, तर ती नगांवर चालत नाही, फरकाचे नग गुणिले दर या रकमेवर चालते. स्वस्त मालाची मोठी तूट त्यामुळे ब्लॉक न लागता पास होते. बोल्ट, वॉशर, लेबल अशा वस्तूंसाठी नगांच्या टक्केवारीचा वेगळा अहवाल पुरवठादारवार काढणं मला अत्यावश्यक वाटतं. एकेका बिलात क्षुल्लक दिसणारी तूट तिथे सलग दिसते.

फरक निघाला म्हणजे लगेच तूट ठरत नाही. माल गेटवर आहे आणि जीआरएन व्हायचा आहे, किंवा तपासणी चालू असल्याने स्वीकारलेल्या रकान्यात शून्य आहे, असंही असतं. गेट रजिस्टरमध्ये गाडीची नोंद पाहा. गाडी आत आलेली असेल आणि जीआरएन नसेल तर शेरा ‘नोंद बाकी’ असा द्या, पुरवठादाराकडे जाऊ नका. उलट, जीआरएन बिलाशी तंतोतंत जुळतो तेव्हाही एकदा थांबा. एखाद्या पुरवठादाराच्या सुट्या मालाचे सगळे जीआरएन चलनाशी शेवटच्या नगापर्यंत जुळत असतील, आणि शेकडो बॉक्सची गाडी आत आल्यावर काही मिनिटांत जीआरएन झालेला असेल, तर मोजणी न होता चलनावरून आकडा उतरवलेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी शिल्लक मालातले दोन-चार बंद बॉक्स उघडून मोजून घ्या. त्याच वेळी यादी चलन क्रमांकावर लावून पाहा. एकच चलन दोन जीआरएनवर चढलं असेल तर तूट झाकली जाते.

तूट पक्की झाली की पुरावा पाहा. दुसऱ्या चलनाच्या ज्या प्रतीवर ड्रायव्हरने सही घेतली, तिच्यावर ‘२ बॉक्स कमी, ४८ मिळाले’ असं लिहिलंय का? लिहिलं असेल तर वाद उरत नाही. प्रत कोरी सही करून दिली असेल तर पुरवठादाराकडे पूर्ण मालाची पोहोच आहे, आणि आपल्याकडे फक्त आपणच लिहिलेला जीआरएन. मग मोजणीची शीट, उतरवतानाचे फोटो, काटापावती यांतलं जे असेल ते जोडा. पीओच्या अटीही वाचा. मालाची जोखीम पुरवठादाराच्या दारातच आपल्याकडे येत असेल, तर वाटेत गहाळ झालेल्या मालाचे पैसे त्याच्या बिलातून कापता येत नाहीत. दावा वाहतूकदारावर किंवा विम्यावर करावा लागतो, आणि त्या दाव्याची सूचना देण्याला मुदत असते. म्हणून असं प्रकरण बिलाच्या फाइलमध्ये पडून राहू देऊ नका, त्याच दिवशी पुढे पाठवा.

शेरा लिहिताना तो फाइल न उघडता समजला पाहिजे. आपल्या उदाहरणात जोखीम पुरवठादाराकडेच आहे असं धरून तो असा होईल: ‘बिल ६,००० नग. दुसऱ्या चलनात १०० नग कमी, चलनावर शेरा आहे. पहिल्या चलनातले ६० नग नाकारले, परतीचं चलन बाकी. देय ५,८४०. फरक १६०.’ संपूर्ण बिल अडवून ठेवणं मला योग्य वाटत नाही. ५,८४० नगांबद्दल कोणाचंच दुमत नाही, ते पैसे वेळेवर जावेत आणि १६० नगांपुरती रक्कम होल्डवर राहावी. डेबिट नोट दोन काढा, एक कमी आलेल्याची आणि एक परत जाणाऱ्या मालाची. बिलात सूट दिलेली असेल तर सूट वजा करून उरणारा दर लावा, आणि १६० नगांवरचा करही धरा. मूळ दराने कापलं की पुरवठादाराची क्रेडिट नोट कमी रकमेची येते, आणि खातं जुळवताना तो फरक लटकत राहतो.

पुढे पुरवठादार हे १६० नग पाठवील, तेव्हाची तयारी आजच करा. तो माल नव्या चलनावर येईल आणि त्याचा नवा जीआरएन होईल. डेबिट नोट निघाली असेल तर त्याचं नवं बिल यायला हवं. निघाली नसेल तर तो बदली माल, त्याचं बिल येता कामा नये, जुन्या बिलाचा होल्ड तेवढा सोडायचा. दोन्ही एकदम झालं, होल्डही सुटला आणि नवं बिलही पास झालं, तर त्याच १६० नगांचे पैसे दोनदा जातात. त्यामुळे होल्डच्या नोंदीत डेबिट नोटचा क्रमांक लिहा, आणि डेबिट नोटवर मूळ बिलाचा व दोन्ही जीआरएनचे क्रमांक घाला. पेमेंटची यादी बँकेकडे जाण्याच्या दिवशी सकाळी होल्डवरच्या ओळींसाठी वरचं सूत्र पुन्हा चालवा. बिल तपासल्यावर झालेले जीआरएन, रद्द नोंदी आणि परतीची चलनं तेव्हाच आकड्यात उतरतात.