सहा म्हणजे सहा: क्लासचा निकाल आणि त्याची पोस्ट एकाच वेळी उघडताना

सराव परीक्षेचा निकाल रविवारी संध्याकाळी 6 वाजता लागेल, असं वर्गात सांगून झालं होतं. ठरल्याप्रमाणे 6 वाजता फेसबुक पेजवर पोस्ट आली, टेलिग्राम चॅनलवर मेसेज गेला, आणि दोन्हींतली लिंक उघडली की समोर यायचं "पान सापडले नाही". पहिला फोन 6 वाजून 1 मिनिटाने आला. मी लॅपटॉपवर पाहिलं, तर निकालाचं पान व्यवस्थित उघडत होतं. पालकांना "आमच्याकडे दिसतंय, पुन्हा बघा" असं सांगत राहिलो. ते पुन्हा बघत होते आणि त्यांना पुन्हा तेच दिसत होतं. सगळ्यांना निकाल दिसायला 14 मिनिटं गेली.

क्लासची वेबसाइट, निकाल आणि पोस्ट हे काम तुमच्याकडे नव्याने आलं असेल, तर त्या 14 मिनिटांत काय झालं ते आधी समजून घ्या. मी वेळ चुकीची टाकली नव्हती. पोस्ट आणि निकालाचं पान दोन्ही 6 वाजताच शेड्यूल केली होती. फरक होता तो घड्याळ कोण बघतं याचा. फेसबुक आणि टेलिग्राम त्यांच्या सर्व्हरवर वेळ पाहून पोस्ट सोडतात, तुमचा फोन बंद असला तरी. आमची साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसचं तसं नाही. वर्डप्रेस स्वतःहून घड्याळ बघत नाही. कोणीतरी साइटवर आलं की ते जागं होतं, कुठली कामं करायची राहिली आहेत ते तपासतं आणि मग पान प्रकाशित करतं. ही तपासणी `wp-cron.php` या फाइलमधून होते. त्यातून आमच्या साइटवर कॅश चालू होता. आलेल्या माणसाला साठवून ठेवलेलं पान मिळायचं आणि वर्डप्रेसपर्यंत कोणी पोहोचायचंच नाही.

6 वाजता पहिल्या मुलाने लिंक उघडली तेव्हा पान अजून प्रकाशित नव्हतं, म्हणून त्याला 404, म्हणजे "पान सापडले नाही", मिळालं. त्याच्या येण्यानेच वर्डप्रेस जागं झालं आणि पुढच्या एकदोन सेकंदांत पान प्रकाशित झालं. पण होस्टिंगच्या कॅशने तोवर ते 404 जपून ठेवलं होतं, आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला तेच दाखवलं. मी लॉगिन केलेलं असल्यामुळे कॅश मला वगळून थेट साइट दाखवत होता. म्हणून मला पान दिसत होतं आणि मुलांना दिसत नव्हतं. तेव्हापासून निकालाचं पान मी स्वतःच्या लॉगिनमधून तपासत नाही. फोनचा वायफाय बंद करून इन्कॉग्निटो खिडकीत उघडतो.

याहून नेहमी भेटणारी अडचण म्हणजे पोस्टच्या यादीत लाल अक्षरांत दिसणारं `Missed schedule`. वेळ उलटून गेली, पण तपासणी झालीच नाही, असा त्याचा अर्थ. उपाय असा की कोणी यायची वाट न बघता ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सर्व्हरच्या स्वतःच्या क्रॉनला दर मिनिटाला ही तपासणी करायला लावायची. आधी `wp-config.php` मध्ये ही ओळ टाका:

```php
define( 'DISABLE_WP_CRON', true );
```

मग होस्टिंग पॅनलच्या क्रॉन विभागात हे काम जोडा. पत्ता अर्थातच तुमच्या साइटचा घाला:

```
* * * * * wget -q -O /dev/null "https://example.com/wp-cron.php?doing_wp_cron"
```

पहिली ओळ टाकून दुसरी विसरलात, तर साइटवरचं कुठलंच शेड्यूल केलेलं काम होणार नाही, म्हणून दोन्ही एकाच बैठकीत करा. काही होस्टिंगवर दर मिनिटाची परवानगी नसते, पाच मिनिटांची असते. तिथे क्रॉनच्या ओळीतल्या पहिल्या `*` च्या जागी `*/5` लिहा आणि निकालाची वेळ पाचाच्या पटीत ठेवा.

टाइमझोनचं थोडक्यात सांगतो. `Settings → General` मध्ये नवीन साइटला बहुतेक वेळा `UTC+0` असतं. तुमचं घड्याळ त्याच्या जितके तास पुढे, तितके तास पोस्ट उशिरा येईल. यादीतून `UTC+` चा आकडा न निवडता शहराचं नाव निवडा. जिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात तिथे शहराच्या नावाबरोबर तो बदल आपोआप होतो, आकड्याबरोबर होत नाही.

इतकं केल्यावर पान वेळेवर उघडायला लागलं. तरीही मी पुढे ती पद्धतच सोडली. कारण त्याच्या पुढच्या परीक्षेत निकाल 6 वाजता लागायचा होता आणि दुपारी 4 वाजताच एका मुलीने तिचे गुण मला सांगितले. तिने काही वावगं केलं नव्हतं. मागच्या निकालाची पीडीएफ तिच्या फोनमध्ये होती. त्या फाइलच्या वेब-पत्त्यात शेवटी `result-test3.pdf` होतं. तिने 3 च्या जागी 4 केला, पत्त्यातला महिन्याचा आकडा बदलला आणि फाइल उघडली. वर्डप्रेसमध्ये पोस्ट शेड्यूल केली की फक्त पोस्ट झाकली जाते. तिला जोडलेली फाइल अपलोड झाल्या क्षणापासून `wp-content/uploads` मध्ये सर्वांसाठी उघडी असते. मला ते ठाऊक नव्हतं. शिवाय त्या फाइलमध्ये तिच्या एकटीचे नव्हे, सगळ्यांचे गुण नावानिशी होते. याचं मला जास्त वाईट वाटलं. ज्याला कमी गुण मिळाले त्याला ते आधी एकट्याने पाहता आले पाहिजेत, एवढा त्याचा हक्क आहेच.

म्हणून आता मी उलटं करतो. पान शेड्यूल करतच नाही. दोन दिवस आधी ते सरळ प्रकाशित करतो. त्यावर "निकाल रविवारी संध्याकाळी 6 वाजता याच पानावर पाहता येईल. 6 नंतर पान रिफ्रेश करा" एवढंच असतं. गुण डेटाबेसच्या टेबलमध्ये असतात, पीडीएफ कुठेच नसते. मुलाने आसन क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की त्याच्यापुरते गुण दिसतात. वेळेचा पहारा या लहानशा फंक्शनकडे असतो:

```php
function nikal_khula() {
    $vel = new DateTimeImmutable(
        '2025-06-15 18:00:00', wp_timezone()
    );
    return current_datetime() >= $vel;
}
```

कोणी पान उघडलं की त्या क्षणी सर्व्हर वेळ बघतो. वेळ झाली असेल तर फॉर्म दिसतो, नसेल तर सूचना दिसते. इथे क्रॉनचा संबंधच राहत नाही, त्यामुळे `Missed schedule` चाही नाही. दोन गोष्टी मात्र विसरू नका. एक, हे पान कॅशमधून वगळा, नाहीतर 5 वाजून 59 मिनिटांची सूचना साठवली जाईल आणि 6 नंतरही तीच दिसत राहील. दोन, फॉर्म लपवला म्हणजे गुण लपले असं नाही. फॉर्म ज्या पत्त्यावर माहिती पाठवतो तो ठाऊक असलेला मुलगा थेट तिथे विचारणा करू शकतो. म्हणून `nikal_khula()` ची तपासणी फॉर्म दाखवताना तर करायचीच, पण जिथे डेटाबेसमधून गुण बाहेर काढले जातात तिथेही करायची. खरं कुलूप तिथलं.

पान आधीपासून जिवंत ठेवण्याचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. फेसबुकवर लिंक टाकली की फेसबुक त्याच वेळी त्या पानावर जाऊन शीर्षक आणि चित्र उचलतं. पान शेड्यूल केलेलं असलं की त्याला 404 मिळतं, आणि तुमच्या निकालाच्या पोस्टखालच्या चौकटीत "पान सापडले नाही" हे शीर्षक येतं. लिंक चालू असली तरी ती चौकट पाहून लोक बोटच लावत नाहीत. पान आधी उघडं असेल तर हा प्रश्न येत नाही. आधीच तसं झालं असेल तर फेसबुकच्या `Sharing Debugger` मध्ये लिंक टाकून `Scrape Again` दाबायचं, मग पोस्ट शेड्यूल करायची.

आता पोस्टची वेळ. निकाल 6 वाजता उघडत असेल तर मी टेलिग्रामचा मेसेज 6:02 ला लावतो आणि फेसबुकची पोस्ट 6:05 ला. 6 वाजता येणारी मुलं घोषणेची वाट बघत नाहीत, त्यांना वेळ तोंडपाठ असते. घोषणा उरलेल्यांसाठी असते, आणि त्यांना रिकाम्या दारावर नेऊन उभं करण्यापेक्षा दोन मिनिटं उशीर परवडतो. शिवाय कॅशमधून वगळलेल्या पानावर प्रत्येक भेटीला सर्व्हरला खरं काम करावं लागतं. सगळी गर्दी एकाच सेकंदाला लोटली नाही तर स्वस्तातलं होस्टिंगही टिकतं. टेलिग्राममध्ये पाठवण्याचं बटण दाबून धरलं की `Schedule Message` येतं. फेसबुक पेजसाठी मी मेटा बिझनेस सूट वापरतो. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मेसेज मी हातानेच टाकतो, तोही सर्वांत शेवटी, पान उघडल्याची खात्री झाल्यावर.

वेळ पुढे ढकलायची पाळी येते, हे धरूनच चाला. एकदा 5:20 ला सरांचा फोन आला, की उत्तरसूचीतल्या 17व्या प्रश्नाचं उत्तर चुकलंय, सगळ्यांचे गुण पुन्हा लावावे लागतील. अशा वेळी घाईत एक ठिकाण हमखास राहून जातं. म्हणून निकालाची वेळ कुठेकुठे लिहिली आहे ते मी एका कागदावर टिपून ठेवतो: फंक्शनमधली ओळ, पानावरची सूचना, टेलिग्राम, फेसबुक. बदलताना सुरुवात फंक्शनपासून करायची, कारण चुकीचे गुण बाहेर पडले की परत घेता येत नाहीत. मग शेड्यूल केलेल्या दोन्ही पोस्ट पुढे सरकवायच्या आणि शेवटी पानावरची सूचना बदलून नवी वेळ लिहायची. त्या दिवशी आम्ही निकाल रात्री 8 वर नेला. सूचनेत कारण स्पष्ट लिहिलं: "प्रश्न 17 ची उत्तरसूची दुरुस्त करत आहोत." एकाही पालकाचा फोन आला नाही.

रंगीत तालीम आदल्या दिवशी करतो. फंक्शनमध्ये दहा मिनिटांनंतरची वेळ टाकतो, टेबलमध्ये एकच खोटा आसन क्रमांक आणि खोटे गुण ठेवतो, आणि फोनवर पान उघडून बसतो. वेळेच्या एक मिनिट आधी पाहतो, एक मिनिट नंतर पाहतो. वेळ उलटूनही सूचनाच दिसत असेल, तर लगेच पत्त्याच्या शेवटी `?t=1` लावून पुन्हा उघडतो. तसं केल्यावर फॉर्म दिसला तर दोष कॅशचा. तरीही सूचनाच दिसली तर दोष वेळेचा, म्हणजे बहुधा टाइमझोनचा. तालीम झाली की खोटी ओळ पुसतो, खरी वेळ परत घालतो आणि मगच खरे गुण टेबलमध्ये चढवतो.