जोडीदाराच्या फोनवर नको तो मेसेज दिसला? बोलायला बसण्याआधी या चुका टाळा

उदाहरणादाखल नागपूरच्या मनीषनगरमधलं एक घर घेऊ. मे महिना, रात्रीचे अकरा चाळीस. नवऱ्याचा फोन डायनिंग टेबलवर चार्जिंगला लागलेला. बायको फ्रिजमधून पाण्याची बाटली काढायला येते, तेवढ्यात स्क्रीन उजळते. नाव दिसतं ‘परचेस मॅडम’, आणि खाली ओळ: ‘आज तू नव्हता तर दिवसच गेला नाही. झोपला का?’ बुटीबोरीच्या कंपनीत परचेस खातं असतं आणि त्यात मॅडमही असतात. पण परचेसचं काम रात्री पावणेबाराला ‘झोपला का’ असं विचारत नाही.

इथून पुढच्या दोन-तीन दिवसांत बहुतेक जण जे करतात, त्यानं खरं बाहेर येण्याऐवजी आणखी आत जातं.

त्याच रात्री उठवून विचारणं

ही सर्वांत मोठी चूक आणि सर्वांत स्वाभाविकही. त्या वेळी छातीत धडधडत असतं, तो अर्धवट झोपेत असतो आणि भिंतीपलीकडे सासू-सासरे झोपलेले असतात. कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून बोलावं लागतं आणि पाचव्या मिनिटाला घरभर कळतं. मग नवऱ्यापुढे एकच काम उरतं, आईबाबांसमोर स्वतःची अब्रू वाचवणं. तो साफ नाकारतो. एकदा घरच्यांच्या देखत नाकारलं की दुसऱ्या दिवशी शब्द फिरवणं त्याला दुप्पट जड जातं.

थांबायचं, पण किती? एक झोप नक्की, जमलं तर दोन-तीन दिवस. आठवड्यापेक्षा जास्त मात्र नको. कारण थांबलेल्या माणसाचा राग भाजीत मीठ जास्त पडण्यावरून, गाडीत पेट्रोल न भरण्यावरून बाहेर पडू लागतो, आणि समोरच्याला कशावरून काय चाललंय ते कळत नाही.

त्या दोन दिवसांत एक काम करा. कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं, उजवीकडे मनानं जोडलेलं. वरच्या उदाहरणात डावीकडे काय येईल? मंगळवार, अकरा चाळीस, ते दोन वाक्यांचे शब्द. गेल्या महिन्यात तीनदा रात्री अकरानंतर तो फोन घेऊन बाल्कनीत गेला. आधी ऑफिसातल्या गोष्टी जेवताना सांगायचा, दिवाळीपासून सांगत नाही. उजवीकडे येईल: ‘यांचं बरेच दिवसांपासून सुरू आहे’, ‘मी आता त्याला आवडत नाही’, ‘त्या दिवशी वर्ध्याला म्हणून गेला तो तिच्यासोबतच असेल’. बोलायला बसाल तेव्हा डावी बाजूच सोबत न्यायची. उजवीकडचं एक जरी वाक्य आधी गेलं आणि ते चूक निघालं (वर्ध्याला तो खरंच मामाकडे गेला असेल), तर तो त्याच एका चुकीला धरून बसतो आणि खऱ्या मेसेजवर बोलणं होतच नाही.

आणखी पुरावा शोधत फोनमध्ये शिरणं

झोपलेल्याचं बोट लावून फोन उघडणं, त्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच्या लॅपटॉपला जोडून ठेवणं, सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट बहिणीला पाठवणं. यात दोन तोटे आहेत. पहिला कायद्याचा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरून माहिती काढणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली अडचणीचं ठरू शकतं, आणि लग्न झालंय म्हणून ती परवानगी आपोआप मिळत नाही. दुसरा तोटा रोजच्या व्यवहारातला: पुढचा सगळा वाद ‘तू माझा फोन काहून पाहिला?’ यावरच होतो. चालून समोर आलेली ओळ वाचली, हे ताठ मानेनं सांगता येतं. रात्री दोनला केलेली झडती तशी सांगता येत नाही.

फोन उघडून झालाच असेल तर लपवू नका. ‘मी तुझा फोन उघडला, ते चुकलं’ हे आधी सांगून टाका. समोरून प्रामाणिकपणा मागताना स्वतःची लपवाछपवी उघडी पडणं परवडत नाही.

‘पण तोवर तो चॅट पुसून टाकेल ना?’ पुसू शकतो. आपोआप गायब होणाऱ्या मेसेजची सोय तर ॲपमध्येच आहे. तरीही हे बोलणं म्हणजे खटला नव्हे. विचारल्यावर घाईघाईनं चॅट पुसणं हेही एक उत्तरच असतं. तुम्ही घटस्फोटाचा निर्णय आधीच घेतला असेल आणि पुरावा हवा असेल, तर ती वाट वेगळी आहे, तिथे आधी वकील गाठा. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं कलम 497 रद्द केल्यापासून व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नाही, मात्र हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचं कारण आजही आहे.

माहीत असून आडून विचारणं

‘आज ऑफिसात काय विशेष?’ ‘रात्री कोणाचा मेसेज होता रे?’ उत्तर माहीत असताना असा गळ टाकणं म्हणजे खोटं बोलायला बोलावणं. बेसावध माणूस सहज म्हणून जातो, ‘कोणाचा नाही, कंपनीचा ग्रुप होता.’ आता आधीच्या प्रश्नाच्या जोडीला एक ताजं खोटं आलं. ते तुम्हीच पेरलेलं असतं, आणि ते निस्तरण्यात पहिला अर्धा तास जातो. सरळ सांगा: मला हे दिसलं.

‘आपल्याला बोलायचं आहे’ एवढंच लिहून पाठवणं

दुपारी दोनला हा मेसेज गेला की समोरचा सहापर्यंत एक तर घाबरून राहतो किंवा गोष्ट रचून ठेवतो. बोलणं तोंडी मागा, त्याच दिवशीचं मागा, आणि विषय, वेळ, मुदत तिन्ही सांगा. उदाहरणातल्या बायकोनं शनिवारी सकाळी चहा देताना म्हणावं: ‘मंगळवारी रात्री तुझ्या फोनवर परचेस मॅडमचा मेसेज दिसला मला. त्याबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे. भांडायचं नाही, पण मला खरं ऐकायचं आहे. साडेपाचला पोरगा ट्यूशनला गेला की तासभर बसू.’

तो लगेच ‘काय झालं, आत्ताच बोल’ म्हणेल. आई हॉलमध्ये भाजी निवडत असेल तर आत्ता नाही. ‘साडेपाचला’ एवढंच पुन्हा म्हणा आणि स्वयंपाकघरात जा.

जागा निवडताना लोक फुटाळ्याला जातात. संध्याकाळी तिथे गर्दी, गाड्या आणि ओळखीचे चेहरे, त्यात रडू आलं तर जायचं कुठे? रिंग रोडवर गाडी चालवताना तर हा विषय काढूच नका. चालवणाऱ्याला उठून जाता येत नाही आणि लक्ष रस्त्यावर राहत नाही. घर रिकामं मिळत नसेल तर सकाळी सेमिनरी हिल्सवर चालत बोलणं बरं. शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, त्यामुळे कबूल करायला जरा सोपं जातं. फोन दोघांचेही सायलेंट आणि खिशात.

पहिलंच वाक्य आरोपाचं असणं

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी 1999 साली सिबिल कॅरेर यांच्यासोबत नवविवाहितांच्या वादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वादाच्या पहिल्या तीन मिनिटांवरून पुढे ते लग्न टिकेल की नाही याचा अंदाज बांधता येतो, असं त्यात दिसलं. म्हणून पहिलं वाक्य अक्षरशः पाठ करून जा. ‘ही कोण भवानी आहे?’ यावर एकच उत्तर संभवतं, तेही ओरडून. त्याऐवजी: ‘रात्री पावणेबाराला ती तुला झोपला का विचारते, हे वाचून मला भीती वाटली. तुमच्यात काय आहे ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.’ आणि मग गप्प बसा. ही शांतता फार लांबते. अर्धा मिनिट उलटला की आपणच ‘म्हणजे तसं काही नसेलही’ म्हणून त्याला सुटायला दार उघडून देतो. ते टाळा.

तो म्हणेल, ‘अगं मैत्रीण आहे फक्त. तू उगाच संशय घेऊन राहिली.’ यावर ‘फक्त’ या शब्दावर वाद घालू नका. विवाहबाह्य संबंधांवर अनेक वर्षं काम केलेल्या शर्ली ग्लास तीन गोष्टी तपासायला सांगत: लपवणं आहे का, जोडीदाराला सांगत नाही असं मनातलं तिला सांगितलं जातं का, आणि शारीरिक ओढ आहे का. ओढ आहे का हे पहिल्या बैठकीत विचारलं तर नाहीच म्हणतील. पहिल्या दोन गोष्टी मात्र साध्या प्रश्नांनी कळतात. ‘तुमचं बोलणं मला माहीत नव्हतं, हे ठरवून होतं का?’ ‘आपल्या भांडणांबद्दल तिला सांगितलं आहे का?’ दुसऱ्या प्रश्नावर पाण्याचा ग्लास हातात घेऊन खाली पाहिलं, तर बहुधा तिथेच बोलण्याचं मूळ असतं. तिथे थांबा, ‘काय सांगितलं?’ एवढंच विचारा.

मध्येच कान तापले, एकच वाक्य पुन्हा पुन्हा निघू लागलं तर नाडी मोजा. पंधरा सेकंदांत पंचवीस ठोके म्हणजे मिनिटाला शंभर. त्यापुढे ऐकलेलं नीट डोक्यात शिरत नाही, असं गॉटमन सांगतात. किमान वीस मिनिटं थांबायचं, पण परत बसायची वेळ सांगून: ‘सव्वासहाला पुन्हा बसू.’ वेळ न सांगता उठलात तर ते निघून जाणं ठरतं. आणि त्या वीस मिनिटांत खोलीत बसून पुढचे टोमणे जुळवू नका, नाडी उतरणार नाही.

एकाच बैठकीत सगळं उकरणं

कुठे भेटलात, किती वेळा, काय बोललात, ती माझ्यापेक्षा बरी दिसते का. शेवटच्या प्रश्नाचं कोणतंही उत्तर नंतर महिनोन्‌महिने डोक्यातून जात नाही. पहिल्या दिवशी तीनच गोष्टी कळल्या तरी पुरे: हे कधीपासून आहे, किती पुढे गेलं आहे, आणि आता त्याला काय हवं आहे. खरं सहसा हप्त्यांनी येतं. शनिवारी ‘दोन महिने’ म्हणणारा बुधवारी ‘दिवाळीपासून’ म्हणतो. ते फार त्रासाचं असतं. म्हणून उठण्याआधीच सांगून ठेवा, ‘आज जे राहिलं असेल ते बुधवारपर्यंत तूच सांग. नंतर मला दुसरीकडून कळलं तर जास्त लागेल.’ आणि बुधवारची वेळ तिथेच ठरवा.

तोवर माहेरी फोन नको. तुम्ही दोघं महिन्यानं जुळवून घ्याल, पण भाऊ पुढची दहा दिवाळ्या जावयाशी नीट बोलणार नाही. मन मोकळं करायला एकच माणूस निवडा, ज्याच्या पोटात गोष्ट राहते.

हे सगळं दोघांत मारहाण, धमकी किंवा वस्तू फेकणं नसेल तरच लागू आहे. विचारल्यावर तो हात उचलेल असं एकदाही मनात आलं असेल तर एकटीनं बसूच नका. आधी महिला हेल्पलाइन 181 किंवा नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलशी बोला. बोलता बोलता प्रसंग तसा आला तर विषय सोडा, घराबाहेर पडा आणि 112 लावा.