तान्ह्या बाळाची एक्स-रे फिल्म: थायमसला न्यूमोनिया समजू नका

खानापूरकडे पावसाची झड लागली की बेळगावात आमच्याकडे घरघरणारी तान्ही बाळं येऊ लागतात. असंच चार महिन्यांचं एक बाळ आलं. तीन दिवस सर्दी, अंग किंचित गरम, श्वास मिनिटाला 58, दोन्ही बाजूंना सारखीच घरघर. "उजव्या छातीत न्यूमोनिया हाय म्हणून सांगितलंय वो डॉक्टर," आजी म्हणाली. दोन दिवस इंजेक्शनं चालू होती.

छातीच्या एक्स-रे फिल्मवर उजवीकडे, हृदयाच्या वर, पांढरी सावली खरंच होती. पण ती थायमसची होती. छातीच्या मधल्या हाडामागची ही ग्रंथी दोन-तीन वर्षांपर्यंत फिल्मवर ठळक दिसू शकते. मोठ्यांच्या फिल्मा पाहून तयार झालेल्या डोळ्याला ती आजार वाटते.

मी आधी सावलीची कड पाहतो. थायमस मऊ असतो, म्हणून बरगड्या त्यात रुततात आणि कड लाटेसारखी दिसते. कधी ती होडीच्या शिडासारखी टोकदार असते. सावलीतून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या दिसत राहतात आणि श्वासनलिका ढकललेली नसते. न्यूमोनियात सावली भरीव असते, वाहिन्या तिच्यात बुडतात आणि हवेच्या नळ्या काळ्या फांद्यांसारख्या उठून दिसतात. या बाळाची कड लाटेसारखी होती, काळ्या फांद्या नव्हत्या.

रडणाऱ्या बाळाची फिल्म श्वास सोडताना निघाली किंवा बाळ वळलेलं असलं, तर हाच थायमस आणखी रुंद दिसतो. म्हणून दोन्ही कॉलर बोनची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का, ते आधी बघा.

दुसरी चूक मला जास्त खटकते. पांढऱ्यावर नजर खिळली की खालचं काळं सुटतं. या फिल्मवर श्वासपटल सपाट झालं होतं आणि त्याच्यावर पुढच्या सात बरगड्या मोजता येत होत्या. एरवी पाच-सहा दिसतात. दोन्ही फुप्फुसांत हवा अडकली होती. वय, सर्दी आणि घरघर यांच्याशी जोडलं की हा ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक नळ्यांची सूज. तो विषाणूचा, त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. खरं तर साध्या ब्रॉन्किओलायटिसला फिल्मच लागत नाही. आम्ही इंजेक्शनं थांबवली, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब दिले, थोडं थोडं दूध चालू ठेवलं आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवलं.

याच आजारात कफाने नळी बुजून उजवा वरचा भाग आकसू शकतो, आणि तोही न्यूमोनियासारखा दिसतो. तिथे फुप्फुसातली आडवी रेघ वर ओढली जाते, श्वासनलिकाही त्या बाजूला सरकू शकते, आणि सावली बहुधा एक-दोन दिवसांत बदलते.

शंका राहिली तर पुन्हा फिल्म काढण्यापेक्षा सोनोग्राफी करा. थायमसमध्ये बारीक ठिपके दिसतात आणि तो श्वासाबरोबर आकार बदलतो. मात्र श्वासनलिका ढकललेली किंवा दबलेली असेल, तर त्या सावलीला थायमस म्हणून सोडू नका; बाळाला त्याच दिवशी पुढे पाठवा.