पाटी सुधारली, पाण्यातली तशीच राहिली: या चुका टाळा

पावसाळ्यात माझ्याकडे फोटोशॉपची एकाच जातीची कामं येतात. फोटोत दुकानासमोर पाणी साचलेलं असतं, त्यात दुकानाच्या पाटीचं प्रतिबिंब पडलेलं असतं, आणि मालकाला आता पाटीवरचं नाव बदलून हवं असतं. दुकानांवरच्या मराठी पाट्यांसाठी सुप्रीम कोर्टानं दिलेली मुदत २५ नोव्हेंबर २०२३ ला संपली, तेव्हा तर गिरगाव-दादरकडून रांगच लागली होती. पाटी नवी, फोटो जुना. पुन्हा फोटो काढायचा तर पुढच्या जुलैपर्यंत थांबा.

वरची पाटी कुणीही बदलतो. फसतं ते खाली. आणि फसतं दर वेळी त्याच दोन-तीन जागी, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पाण्यातल्या पाटीसाठी वेगळी कॉपी करणं

ही चूक मी स्वतः केली आहे, तीही छापून आल्यावर कळली अशी. दादरचं एक छोटं खाण्याचं ठिकाण. वर जुनी इंग्रजी पाटी, समोर डबकं, संध्याकाळचा छान उजेड. मालकांनी नवा मजकूर दिला, त्यात शेवटचा शब्द होता 'उपहारगृह'. मी तो टाइप केला, पाटीवर बसवला, मग त्या थराची कॉपी रास्टराइझ करून उलटी केली आणि पाण्यात ठेवली. काम झालं म्हणून फाइल पाठवली.

दोन दिवसांनी मालकांचा फोन. "अहो, आमच्या वहिनी शाळेत मराठी शिकवायच्या. त्या म्हणतात 'उपाहारगृह' हवं. उपहार म्हणजे भेटवस्तू. तेवढा एक काना टाका ना." मी वरच्या पाटीवर काना टाकला, पाच मिनिटांत फाइल परत पाठवली. मेन्यूकार्डं छापून आली.

चूक पकडली ती मिसळीची वाट बघत बसलेल्या एका मुलानं. त्याला उलटं वाचायची गरजही पडली नाही. पाण्यात अक्षरं वर-खाली उलटतात, डावी-उजवी नाही, त्यामुळे प्रत्येक अक्षर बरोबर आपल्याच खाली उभं असतं. वर 'पा' चा काना होता, खाली त्या जागी 'हा' चालू झाला होता, आणि पुढची सगळी अक्षरं एका कान्यानं सरकलेली. मालकांनी शेवटी डबक्यावर 'आजचा खास पदार्थ' असं स्टिकर चिकटवून कार्डं वापरली. बिलातून पैसे मीच कमी केले.

तेव्हापासून पाटी एकदाच बनवतो. मजकूर, रंग, कडेची पट्टी, सगळं एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये. ते पाटीवर बसवलं की `Ctrl+J` दाबून त्याची दुसरी प्रत काढतो आणि पाण्यात नेतो. या दोन प्रतींच्या आत मजकूर एकच असतो. कुठल्याही एकीवर डबल-क्लिक करा, काना टाका, सेव्ह करा, वर-खाली दोन्हीकडे बदलतो. मात्र राइट-क्लिकच्या यादीतलं `New Smart Object via Copy` घेऊ नका. नाव सारखंच वाटतं, पण ते नातं तोडून स्वतंत्र प्रत काढतं, आणि तुम्ही पुन्हा माझ्या मेन्यूकार्डावर येता.

"एवढ्याशा कामाला स्मार्ट ऑब्जेक्ट कशाला?" असं विचारणारे नवशिके मला दर महिन्याला भेटतात. गिऱ्हाईक मजकूर बदलणार नाही अशी त्यांची समजूत असते. असो.

१८० अंशात फिरवणं

`Rotate 180°` नको, `Flip Vertical` हवं. फिरवलं की पहिलं अक्षर शेवटी जातं. शिरोरेघ दोन्हींत खालीच येते, म्हणून घाईत नजर फसते.

पाण्याची कड म्हणजे आरसा समजणं

आता खरं डोकं लागतं ते इथे. बहुतेक जण पाटी उलटी करतात आणि डबक्याच्या कडेपासून समान अंतर मोजून खाली ठेवतात. पण डबकं रस्त्यात, पाटी फुटपाथपलीकडच्या भिंतीवर. आरसा आहे तो पाण्याचा पृष्ठभाग, आणि तो फुटपाथखालून सरळ भिंतीपर्यंत पसरला आहे असं धरावं लागतं. भिंत त्या पातळीला जिथे भेटेल तिथून वर जेवढं, तेवढंच खाली. ती रेघ फोटोत दिसतच नाही, फुटपाथनं झाकलेली असते.

न दिसणारी रेघ शोधायची कशी? जुन्या पाटीलाच विचारा, पुसण्याआधी. पाटीचा एक कोपरा वर कुठे आहे आणि पाण्यात कुठे आहे ते `Info` पॅनलमध्ये बघा. दोन्हींचा मध्य म्हणजे त्या जागची रेघ. तोच खेळ पाटीच्या दुसऱ्या टोकाला करा.

दादरच्या फोटोचेच आकडे घ्या. फोटो ४००० पिक्सेल उंच, मोजणी वरून खाली. पाटीचा डावा वरचा कोपरा १०२० वर, पाण्यात तोच ३२६० वर. मध्य २१४०. दुकान उजवीकडे लांब जात होतं, त्यामुळे उजवा वरचा कोपरा १३७० वर आणि पाण्यात २८१० वर. मध्य २०९०. म्हणजे आरशाची रेघ आडवी नाही, उजवीकडे ५० पिक्सेल चढते आहे. नुसतं `Flip Vertical` करून डावा कोपरा जुळवला, तर उजवा कोपरा २९१० वर पडतो, हवा त्यापेक्षा १०० पिक्सेल खाली. बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण पाण्यातली पाटी खिळ्यावरून सुटल्यासारखी लोंबते.

उपाय लहान आहे. उलटी केल्यावर `Edit > Transform > Skew` घ्या आणि उजवी बाजू १०० पिक्सेल वर ओढा. पाटीची उजवी-डावी उंची हलत नाही, फक्त बाजू सरकते, आणि नेमकं तेच हवं असतं. मग खालचे दोन कोपरे पडताळून बघा. ते आपोआप जुळले नाहीत तर मोजताना कोपरा चुकीचा धरलाय.

हे आकडे खरे आहेत का हेही तपासता येतं. कॅमेरा सरळ धरला असेल तर क्षितिज फोटोच्या मध्यावर, म्हणजे २००० वर. डावीकडे रेघ त्याच्या १४० खाली आणि पाटीचा माथा रेघेच्या ११२० वर. म्हणजे पाटीचा माथा पाण्यापासून कॅमेऱ्याच्या आठपट उंच. फोटोवाला उकिडवा बसून कॅमेरा पाण्यापासून ४५ सेंटिमीटरवर धरत असेल तर पाटी ३ मीटर ६० सेंटिमीटरवर. दुकानाच्या पाटीला शोभेल असंच. इथे दहा मीटर आलं असतं तर मी पुन्हा मोजलं असतं.

एक अट आहे. मध्याची ही युक्ती कॅमेरा सरळ असेल तरच चालते. खाली झुकवून काढलेल्या फोटोत भिंतीच्या उभ्या कडा तळाकडे एकमेकींजवळ येतात आणि पाण्यातली पाटी वरच्यापेक्षा अरुंद दिसते. अशा फोटोत मी आधी कॅमेरा रॉमध्ये लेन्सची दुरुस्ती लावतो, मग `Geometry` मध्ये उभ्या रेघा सरळ करतो, आणि मगच पाटीला हात लावतो. क्रॉप सगळ्यात शेवटी, नाहीतर क्षितिजाचा मध्य हरवतो.

ऑपॅसिटी ५० करून मोकळं होणं

पाणी सगळा उजेड परत देत नाही. सरळ वरून बघितलं तर जेमतेम २ टक्के, आणि नजर पाण्याला जितकी चाटून जाईल तितकं जास्त. लंबापासून ८० अंशांवर साधारण ३५ टक्के. बाकीचा उजेड आत जातो, आणि आतून डांबर दिसतं. म्हणून पाण्यात पांढरं काळवंडतं आणि काळं थोडं उजळतं. ऑपॅसिटीचा एकच आकडा या दोन्हींना पुरत नाही.

मी शेजारची न बदललेली वस्तू बघतो. दादरच्या फोटोत पाटीच्याच उंचीवर खिडकीची पांढरी चौकट होती, तिचा उजळपणा `Info` मध्ये वर २३५, पाण्यात १२५. खिडकीचे काळे गज वर २५, पाण्यात ५५. पाण्यातल्या प्रतीवर `Curves` क्लिप करून हे दोन बिंदू बसवले की पाटी पाण्यात बुडते. वस्तू त्याच उंचीची घ्यायची, कारण पाटीचा माथा पाण्यात आपल्या जवळ येतो, तिथे नजर जास्त उभी पडते, आणि तो भाग पायथ्यापेक्षा थोडा काळपट असतो.

बाकीच्या, पटापट

पाटीसमोरून जाणारी केबल वरून कॉपी करून खाली लावू नका. पाण्यातलं दृश्य म्हणजे पाण्याखाली तितक्याच खोल ठेवलेल्या कॅमेऱ्यानं बघितलेलं दृश्य, त्यामुळे केबल तिथे दुसऱ्याच अक्षरावरून जाते. मूळ फोटोतली तशीच ठेवा, थराला मास्क करा. पाटीवरची चकाकीही वरून खाली नेऊ नका, तीही त्याच कारणानं जागा बदलते. छज्जा असेल तर पाण्यात त्याचा तळ दिसणार, वरची बाजू नाही.

ब्लर ओतू नका. थांबलेल्या पाण्यातलं प्रतिबिंब पाटीइतक्याच लांबचं असतं, फोकस पाटीवर असेल तर तेही स्वच्छ येतं. धूसर होतं ते पाण्यावर तरंगणारं पान. ते पान, ती गुटख्याची पुडी, तो बुडबुडा, सगळं तुमच्या थराच्या वर राहिलं पाहिजे.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइप करताना वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसत असेल, तर `Preferences > Type` मध्ये `World-Ready Layout` निवडा. जोडाक्षरं हातानं जोडत बसणाऱ्यांची मला कीव येते.

फाइल पाठवण्याआधी मी एक प्रत फ्लॅटन करून `Image > Image Rotation > Flip Canvas Vertical` करतो. पाण्यातली पाटी सरळ होते. मग ती मोठ्यानं वाचतो, काना-मात्रेसकट, आणि गिऱ्हाइकाच्या मेसेजशी एकेक अक्षर ताडतो. शेजारच्या टेबलावरचे हसतात. हसू देत.